शून्यावाचून सन

इ. स. १९५६ च्या वैशाखी पौर्णिमेस भारत, श्रीलंका आणि ब्रह्मदेश या देशांत भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणाचा अडीच हजारावा वर्षोत्सव मोठ्या समारंभाने साजरा झाला. भारत सरकारने त्या निमित्ताने बौद्ध धर्माच्या अडीच सहस्र वर्षांचा आढावा घेणारा ग्रंथ प्रसिद्ध केला व त्याचे संपादन पुण्याचे पाली भाषेचे व्यासंगी पंडित पु. वि. बापट यांनी केले. आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षेचा तो युगप्रवर्तक सोहळा घडवून आणला. परंतु थायलंडने हाच अडीच हजारावा वर्षोत्सव साजरा केला तो १९५६ मध्ये नव्हे, तर १९५७ मध्ये. आधुनिक संशोधक परिनिर्वाणाचा काळ बराच अलीकडे आणतात ही गोष्ट निराळी; पण येथे वाद तो नव्हता. दोन्ही परंपरांना परिनिर्वाणाचे वर्ष एकच, म्हणजे इ. स. पू. ५४४ हेच मान्य होते. घटना एक, तिथी एक आणि मोजावयाची वर्षेही तितकीच असताना उत्सवात एका वर्षाचे अंतर पडावे, याचा उलगडा करावयाचा तर ‘इसवी सन’ आणि ‘इसवी सनापूर्वी’ या दोन शिक्क्यांच्या उगमापर्यंत जावे लागते. आणि तो उगम सहाव्या शतकातील रोम शहरातल्या एका ख्रिस्ती संन्याशाच्या लेखनमेजावर आहे.

या संन्याशाचे नाव डायोनिसियस. तो मूळचा काळ्या समुद्राकाठच्या स्किथिया प्रांतातला, ग्रीक व लॅटिन या दोन्ही भाषांत प्रवीण, आणि विनयाने स्वतःस ‘एक्झिग्युअस’ म्हणजे ‘अल्प’ असे विशेषण लावणारा. इ. स. ५२५ मध्ये त्याच्याकडे जे काम आले ते इतिहासलेखनाचे नव्हते. ते आपल्या पंचांगकर्त्यांच्या कामाच्या जातीचे होते. ईस्टरचा सण वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणाऱ्या रविवारी पाळावयाचा असल्यामुळे त्यासाठी चंद्र आणि सूर्य या दोघांचाही मेळ घालावा लागे, आणि त्याकरिता अनेक वर्षांची कोष्टके आगाऊ करून ठेवीत. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू सिरिल याच्या नावाने चालत आलेले पंच्याण्णव वर्षांचे कोष्टक तेव्हा संपत आले होते; त्याची सहाच वर्षे शिल्लक होती. ते पुढे वाढवून देणे एवढीच डायोनिसियसची कामगिरी.

त्या जुन्या कोष्टकात वर्षांची गणना रोमन सम्राट डायोक्लिशियन याच्या राज्यारोहणापासून, म्हणजे इ. स. २८४ पासून केलेली होती व त्याचे शेवटचे वर्ष २४७ हे होते. याच डायोक्लिशियनने ख्रिस्ती लोकांचा अतोनात छळ केला होता. देवळात दरवर्षी वाचल्या जाणाऱ्या कोष्टकात एका धर्मद्रोही जुलमी राजाची स्मृती आपल्या हाताने आणखी पंच्याण्णव वर्षे जतन करावी, हे डायोनिसियसच्या मनाला पटेना. पेट्रोनियस नावाच्या बिशपला लिहिलेल्या पत्रात त्याने हे स्पष्ट सांगितले आणि वर्षे मोजावयाची ती येशू ख्रिस्ताच्या अवतारापासून मोजू, असा निश्चय केला. जुन्या कोष्टकाच्या २४७ या वर्षापुढे २४८ लिहावयाचे, त्या जागी त्याने ५३२ हा आकडा लिहिला. आज जगाचा व्यवहार ज्या सनावर चालतो त्याचा जन्म या एका रकान्यातील एका दुरुस्तीत आहे. ख्रिस्तजन्मास ५३१ वर्षे झाली हे त्याने कशावरून ठरविले, याचा खुलासा मात्र त्याने कोठेही केला नाही. त्याचा हिशेब थोडा चुकलेला आहे. कारण ज्या हेरोद राजाच्या अमदानीत येशूचा जन्म झाल्याचे शुभवर्तमानात सांगितले आहे तो राजा बहुतेक विद्वानांच्या मते इ. स. पू. ४ मध्येच मरण पावला होता, आणि त्यामुळे येशूचा जन्म त्याच्याच नावाच्या सनाआधी काही वर्षे झाला असे म्हणावे लागते.

आता शून्याचा प्रश्न. सामान्यतः याचे जे उत्तर दिले जाते ते असे, की रोमन आकड्यांत शून्य नव्हते, शून्याची कल्पना युरोपला ठाऊक नव्हती, म्हणून पहिल्या वर्षाआधी शून्य वर्ष ठेवणे बिचाऱ्या डायोनिसियसला सुचले नाही. हे उत्तर खोटे नाही, पण ते अर्धेच आहे, आणि अर्धे उत्तर पुष्कळदा पूर्ण अज्ञानापेक्षा अधिक दिशाभूल करते. डायोनिसियसच्या कोष्टकात एक रकाना प्रतिवर्षी ठरावीक दिवशी चंद्राचे वय किती, हे सांगणारा आहे. हे वय दरवर्षी अकरा दिवसांनी वाढते आणि तिसाच्या वर गेले की त्यातून तीस वजा करावयाचे असतात. एकोणीस वर्षांच्या आवर्तनात पहिल्या वर्षी या रकान्यात काहीच उरत नाही. तेथे डायोनिसियसने जागा रिकामी सोडलेली नाही. ‘नुल्ला’, म्हणजे ‘काही नाही’, हा लॅटिन शब्द लिहिलेला आहे. विशेष म्हणजे त्याच्या नव्या सनाच्या ५३२ या पहिल्याच ओळीत हा शब्द येतो. उणे-अधिकाच्या हिशेबात काही उरले नाही तर ते कसे नोंदवावे, हे त्यास चांगले ठाऊक होते. मग वर्षाच्या रकान्यात तशी जागा त्याने का ठेवली नाही?

याचे कारण वर्षाचा आकडा ही त्याच्या दृष्टीने बाकी नव्हती. ते क्रमदर्शक नाव होते. ‘प्रभूच्या अवताराचे पाचशे बत्तिसावे वर्ष’ असा त्या आकड्याचा अर्थ आहे, आणि पहिल्याच्या आधी शून्यावा असा क्रम कोणत्याही भाषेत नसतो. राजांच्या कारकीर्दीची वर्षे मोजण्याची रीत बहुधा हीच आहे. बादशहाच्या जुलूसाचे पहिले साल तख्तनशिनीच्या दिवसापासून चालू होते. आपल्याकडे ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६ रोजी शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला आणि त्या दिवसापासून राज्याभिषेक शक १ सुरू झाला. त्या वर्षीच्या कागदपत्रांवर राजशक १ असाच आकडा आहे. हे सारे ज्या देशात घडले त्याच देशात ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम घालून दिलेले होते, म्हणजे रायगडावरील कारकुनांस शून्य ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. तरीही राजशक शून्य नाही. डायोनिसियसने केले ते इतकेच, की पृथ्वीवरील सम्राटाची कारकीर्द काढून तेथे स्वर्गीय सम्राटाची कारकीर्द ठेवली. ‘आन्नो डोमिनी’ या शब्दांचा अर्थ ‘प्रभूच्या वर्षी’ असा आहे. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मृत्यूनंतर’ असा अर्थ करण्याची जी चाल पडली आहे ती सर्वस्वी चुकीची असून तीत येशूच्या आयुष्याची सुमारे तेहतीस वर्षे कोणत्याच सनात बसत नाहीत.

डायोनिसियसला सनाच्या मागे जाण्याची गरजच नव्हती. ईस्टर यावयाचा तो पुढच्या वर्षांत; अवतारापूर्वीची वर्षे मोजण्याचे त्यास प्रयोजन काय? ती गरज पडली दोनशे वर्षांनी, आणि ती पडली एका इतिहासकाराला. इंग्लंडच्या उत्तरेस जॅरो येथील मठात राहणारा बीड हा संन्यासी कालगणनेचा मोठा पंडित होता, इ. स. ७३१ मध्ये त्याने इंग्रज लोकांच्या धर्मसंस्थेचा इतिहास पूर्ण केला आणि त्यात पहिल्या प्रतीच्या ग्रंथकाराने प्रथमच आरंभापासून अखेरपर्यंत अवताराचा सन वापरला. पण ब्रिटनचा इतिहास ज्यूलियस सीझरच्या स्वारीपासून सुरू करावयाचा, आणि ती स्वारी तर अवताराच्या आधीची. तेव्हा बीडने ती रोमच्या स्थापनेपासून ६९३ व्या वर्षी, म्हणजे अवतारापूर्वी साठाव्या वर्षी झाली, असे लिहिले. त्यानंतर क्लॉडियस सम्राटाची स्वारी त्याने रोमच्या ७९८ व्या, म्हणजे अवताराच्या सेहेचाळिसाव्या वर्षी घातली. आज या दोन घटनांची वर्षे इ. स. पू. ५५ आणि इ. स. ४३ अशी निश्चित झाली आहेत, तेव्हा बीडचे आकडे घटनांच्या दृष्टीने चुकलेले आहेत. परंतु त्याच्या मनातील गणित पाहण्यास ते अमोल आहेत.

वाचकांनी हे गणित स्वतः करून पाहावे. रोमच्या सनाप्रमाणे ७९८ मधून ६९३ वजा केले तर दोन स्वाऱ्यांत १०५ वर्षांचे अंतर येते. अवताराच्या सनाप्रमाणे आधीची ६० आणि नंतरची ४६ यांची बेरीज १०६ होते. एक वर्ष जास्त. ही बीडची गफलत नव्हे. उलट तो हिशेबास किती पक्का होता याची ही खूण आहे. अवताराच्या पहिल्या वर्षाच्या लगत आधीचे वर्ष ते ‘अवतारापूर्वीचे पहिले’, मध्ये रिकामे वर्ष नाही, असे धरले तरच हे दोन्ही हिशेब जुळतात. मध्ये एक शून्य वर्ष असते तर रोमच्या सनातील अंतरही १०६ निघावे लागते. एका उंबरठ्यापासून दोन माणसे परस्परविरुद्ध दिशांना चालू लागली आणि दोघांनीही आपले पहिले पाऊल ‘एक’ म्हणून मोजले, असे हे चित्र आहे. उंबरठा हा पाऊल नव्हे. तो क्षण आहे, आणि क्षणास लांबी नसते. शून्य आहे ते त्या क्षणाच्या ठिकाणी, वर्षाच्या ठिकाणी नाही.

बीडनंतर त्याचा हा सन शार्लमेनच्या दरबारी आणि तेथून पश्चिम युरोपभर गेला; पोर्तुगालने मात्र आपला जुना सन सोडून तो स्वीकारला १४२२ मध्ये. सनाची मागची बाजू याहूनही मंदगतीने रूढ झाली. बीडने ती एखाद्या ठिकाणीच वापरली. इतर ग्रंथकार प्राचीन घटना सृष्टीच्या उत्पत्तीपासून किंवा रोमच्या स्थापनेपासूनच मोजीत राहिले. सृष्टीच्या वयाविषयी मात्र कोणाचे कोणाशी जमेना, आणि म्हणून सतराव्या शतकात, विशेषतः फ्रान्समधील जेझुइट पंडित पेटाव्हियस याच्या १६२७ मधील कालगणनाविषयक महाग्रंथानंतर, ‘ख्रिस्तापूर्वी अमुक वर्षे’ ही रीत सर्वमान्य झाली. तिच्यात एक मोठी सोय होती. सृष्टीच्या आरंभाविषयी नवे मत निघाले तरी पूर्वीच्या तारखा बदलाव्या लागत नाहीत. भूतकाळ कितीही मागे सरकला तरी या मोजपट्टीस दुसरे टोक नाही.

अडचण आली ती ज्योतिषांना. ग्रहणे मोजणाऱ्याला दोन ग्रहणांमधील वर्षांचे अंतर साध्या वजाबाकीने हवे असते, आणि प्लुतवर्ष कोणते हे चाराने भाग जातो की नाही एवढे पाहून ठरवावयाचे असते. इतिहासकारांच्या सनात इ. स. पू. ४ ला चाराने भाग जातो, पण ज्यूलियन पद्धत मागे नेली तर प्लुतवर्षे पडतात ती इ. स. पू. १, ५, ९ ही. म्हणून १७४० मध्ये पॅरिसच्या वेधशाळेतील झाक कॅसिनी याने आपल्या ज्योतिषकोष्टकांत इ. स. पू. १ या वर्षास शून्य हा अंक दिला, मग इ. स. पू. २ म्हणजे उणे १, आणि इ. स. पू. ५ म्हणजे उणे ४. याने भागाकारही साधला आणि वजाबाकीही. तेव्हापासून जगात दोन दप्तरे चालू आहेत: इतिहासाच्या दप्तरात शून्य वर्ष नाही, ज्योतिषाच्या दप्तरात आहे, आणि एका दप्तरातील आकडा दुसऱ्यात नेताना ज्याने एकाचा फरक केला नाही त्याचा हिशेब चुकतो. रोमन महाकवी व्हर्जिलचा जन्म इ. स. पू. ७० मधला. त्याची द्विसहस्राब्दी १९३० मध्ये इटलीत आणि अन्यत्र थाटाने साजरी झाली. पण ७० म्हणजे उणे ६९. त्यात दोन हजार मिळविले तर १९३१ येतात. एवढ्या विद्वानांच्या उत्सवात महाकवीचे वय एक वर्षाने कमी भरले.

या दोन दप्तरांतील भेद आपल्या देशात फार पूर्वीच जाणला गेला होता, आणि त्यासाठी दोन शब्दही होते: ‘वर्तमान’ आणि ‘गत’. चालू असलेल्या वर्षाचा क्रमांक सांगितला तर ते वर्तमान वर्ष, पुरी झालेली वर्षे सांगितली तर ते गत वर्ष. मूल पाच वर्षांचे झाले म्हणजे त्याला सहावे लागले, हे घरातील आजीही जाणते. तीच ही भाषा. राजशक वर्तमान रीतीचा. पण आपल्या पंचांगातील शालिवाहन शक सामान्यतः गत वर्षांचा आहे, कारण ज्योतिषाला हवी असतात ती संपलेली वर्षे, ज्यांचे दिवस करून अहर्गण काढता येतो. गत पद्धतीत आरंभाचे वर्ष चालू असता संपलेले वर्ष एकही नसते, म्हणून तेथे शून्य आपोआप येते. ते कोणी मुद्दाम घालावे लागत नाही.

डायोनिसियसने कोष्टक लिहिले त्याच्या अवघी सव्वीस वर्षे आधी आर्यभटाने आपल्या वयाविषयी जो उल्लेख केला आहे तो या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कलियुगाची साठ गुणिले साठ, म्हणजे ३६०० वर्षे गेली तेव्हा माझ्या जन्मास तेवीस वर्षे झाली होती, असा त्याचा आशय. कलियुगाचा आरंभ इ. स. पू. ३१०२ च्या फेब्रुवारीतला. येथे कोणी ३६०० मधून ३१०२ सरळ वजा केले तर इ. स. ४९८ हे चुकीचे वर्ष निघेल. ३१०२ चा ज्योतिषी अंक उणे ३१०१; म्हणून ३६०० गत वर्षांनी इ. स. ४९९ येते, आणि आर्यभटाचा जन्म ४७६ ठरतो. हाच ताळा शकास लावून पाहावा. शकाच्या आरंभी कलीची ३१७९ वर्षे गेली होती असे पंचांगकर्ते मानतात. त्यातून ३१०१ वजा जाता ७८ उरतात, आणि शकात ७८ मिळविण्याचा जो नियम आपण शाळेत पाठ करतो तो येथे सिद्ध होतो. शके १५९६ चा राज्याभिषेक इ. स. १६७४ मध्ये पडतो तो याच नियमाने. कोणी अनवधानाने ३१०२ वजा केले असते तर महाराजांचा राज्याभिषेक आपण १६७३ मध्ये घातला असता.

नावाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण अलीकडे त्यावरून पुष्कळ वाद होतो. ‘सामान्य युग’ आणि ‘सामान्य युगापूर्वी’ हे शब्द आजच्या काळात धर्म टाळण्यासाठी नव्याने बनविले, असा समज आहे. वस्तुतः सतराव्या शतकाच्या आरंभी केप्लरसारख्या श्रद्धावान ख्रिस्ती ज्योतिषानेच या सनाला लॅटिनमध्ये ‘व्हल्गारिस’, म्हणजे सर्वसामान्य लोकांत रूढ असलेला, असे म्हटले होते; येशूस प्रभू न मानणाऱ्या यहुदी विद्वानांना पुढे हेच नाव सोयीचे वाटले, आणि तेथून ते जगभरच्या अभ्यासकांत पसरले. शिक्का बदलला तरी आकडा तोच राहतो. ‘सामान्य युगापूर्वी ४४’ आणि ‘ख्रिस्तपूर्व ४४’ यांत एका दिवसाचाही फरक नाही, आणि शून्य वर्ष एकातही नाही. आपल्या मराठीत ‘इसवी सन’ हा शब्द आला तो फारशी दप्तराच्या वाटेने. ‘इसवी’ म्हणजे ईसाचा. फसली, शुहूर, हिजरी या सनांच्या पंक्तीत बसलेला आणखी एक सन, एवढाच त्याचा अर्थ. ‘प्रभू’ हा शब्द त्यात नाही. ज्या निरपेक्षतेसाठी इंग्रजी लेखकांना नवे शब्द शोधावे लागले ती आपल्या जुन्या शब्दात आधीपासूनच आहे, आणि तो टाकून देण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

आता वैशाखी पौर्णिमेच्या त्या दोन उत्सवांकडे परत येऊ. इ. स. पू. ५४४ म्हणजे ज्योतिषी अंकाने उणे ५४३. १९५६ आणि ५४३ यांची बेरीज २४९९ होते. म्हणजे १९५६ च्या वैशाखी पौर्णिमेस परिनिर्वाणाची २४९९ वर्षे पूर्ण होऊन पंचवीसशेवे लागले, आणि १९५७ च्या वैशाखी पौर्णिमेस २५०० पूर्ण झाली. श्रीलंका व ब्रह्मदेश यांचा बुद्धसन परिनिर्वाणाच्या दिवसापासून पहिले वर्ष धरतो, तो वर्तमान. थायलंडचा बुद्धसन एक वर्ष पुरे झाल्यावर एक म्हणतो, तो गत. दोघांचाही हिशेब बिनचूक होता. श्रीलंकेने पंचवीसशे क्रमांकाच्या वर्षाचे स्वागत केले, थायलंडने पंचवीसशे वर्षांच्या पूर्तीचा उत्सव केला; आणि नागपूरची धम्मदीक्षा परिनिर्वाणापासून पंचवीसशेव्या, त्या वेळी चालू असलेल्या वर्षात झाली.